तालमीतले श्रोते आणि सहा प्रश्न

गेल्या वर्षी हिवाळ्यात धुळ्याची एक आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा हरून आम्ही जळगावला परत येत होतो. एस. टी. पारोळ्याच्या स्थानकात थांबली, चहा झाला, आणि मग ज्याने त्याने पराभवाची कारणे सांगायला सुरुवात केली. कोणी परीक्षकांना दोष दिला, कोणी माईकला, कोणी चिठ्ठीत निघालेल्या क्रमांकाला. मी गप्प होतो. भाषण मीच केले होते, आणि निकालानंतर एका परीक्षक बाईंनी मला बाजूला बोलावून विचारलेला प्रश्न अजून कानात होता. त्या म्हणाल्या होत्या, "आवाज चांगला आहे तुमचा. पण सात मिनिटांत तुम्हाला नेमके काय सांगायचे होते, ते एका वाक्यात सांगाल का?" मला ते वाक्य सांगता आले नव्हते.

हरण्यापेक्षाही मला एक गोष्ट फार लागली. स्पर्धेपूर्वी या भाषणाच्या चार तालमी झाल्या होत्या. आठ-दहा मित्रमैत्रिणी समोर बसून ऐकत. बाईंना पडलेला प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही पडला नव्हता. सूचना मात्र पुष्कळ आल्या होत्या. हात कमी हलव, सुरुवात वरच्या पट्टीत घे, शेवटच्या वाक्याआधी थोडा थांब. मी प्रत्येक सूचना पाळली आणि चौथ्या तालमीला टाळ्याही मिळवल्या. खरे बोलले ते फक्त दाराशी उभे असलेले आमचे शिपाईकाका. "आवाज भारी शे, पन काय सांगस ते समजनं नही," असे म्हणून ते खोली बंद करण्याच्या घाईने किल्ल्या वाजवू लागले. आम्ही सगळे हसलो होतो. पारोळ्याच्या स्थानकात त्यांचे ते वाक्य आठवले, तेव्हा हसू आले नाही.

यंदा वक्तृत्व मंडळाचे काम माझ्याकडे आले तेव्हा मी ठरवले, की तालमीतल्या श्रोत्यांच्या हाती एक पत्रक द्यायचे. त्या पत्रकाची घडण कशी झाली, पहिल्यांदा ते कसे फसले आणि पुढे कसे सुधारले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पहिले पत्रक मी स्पर्धेतल्या गुणपत्रिकेवरून उतरवले. आवाज, उच्चार, हावभाव, विषयाची मांडणी, आशय असे पाच रकाने आखले आणि प्रत्येकाला दहा गुण ठेवले. तालीम झाली, पत्रके भरून आली. घरी नेऊन मी ती एकाखाली एक मांडली आणि लक्षात आले, की पाचही रकान्यांत जवळजवळ एकच आकडा आहे. ज्याने आवाजाला आठ दिले त्याने आशयालाही आठ दिले होते. ज्या मुलीला आवाजात सहा मिळाले तिला मांडणीतही सहाच मिळाले होते. रकाने पाच असले, तरी श्रोत्याने मत एकच दिले होते आणि तेच पाच वेळा लिहिले होते.

मानसशास्त्राच्या तासाला सरांना हे दाखवले. ते म्हणाले, यात नवल नाही. एडवर्ड थॉर्नडाईक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली नेमके हेच दाखवले होते. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांवर पारख करायला सांगितले असता, ज्याला एका गुणात वर चढवले त्याला बाकीच्या गुणांतही वर चढवले गेले. एका ठळक गुणाचे तेज बाकी सगळ्यावर पसरते. भाषणात सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक जाणवतो तो आवाज. आशय ओळखायला पाच मिनिटे ऐकावे लागते. आवाज पहिल्या 'अध्यक्ष महाशय'लाच कळतो. मग उरलेले भाषण त्याच्याच प्रकाशात ऐकले जाते.

यावरून मला एक गोष्ट उमगली. श्रोत्याला 'आशय कसा होता?' असे विचारले, की तो मत देतो, आणि मत आवाजाच्या मागे जाते. त्याला 'काय ऐकलेस?' असे विचारले, की त्याला ऐकलेले परत द्यावे लागते, आणि तिथे आवाज मदतीला येत नाही. म्हणून पत्रकाने आधी परतावा मागावा, मत नंतर.

या बाबतीत आपल्या खानदेशातच एक मोठे उदाहरण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सत्याग्रही कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. एकेका अध्यायावर एक, अशी अठरा प्रवचने झाली. पूर्वी अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी त्या वेळी तिथेच कैदी होते. ते समोर बसून प्रवचने लिहून घेत. त्या लेखनातूनच पुढे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले. विनोबांचा तो आवाज तुरुंगाच्या भिंतींआड राहिला, आणि आपल्या हाती आले ते त्यांचे म्हणणे, कारण ऐकणाऱ्याने म्हणणे टिपले होते. आपल्या तालमीतला श्रोता साने गुरुजी होणार नाही हे उघड आहे. पण ऐकताना हातात पेन्सिल धरून मुद्दे टिपणे त्यालाही जमते.

दुसरे पत्रक करताना माझा उत्साह वाढला आणि चौदा प्रश्न झाले. तेही फसले. श्रोते भाषण चालू असतानाच उत्तरे भरू लागले. माना खाली, वक्ता बोलतोय भिंतीशी. एकाने तर चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यात भाषणाचा सबंध मधला भाग गमावला आणि 'मधला भाग तुटक वाटला' असा शेरा दिला. तेव्हा प्रश्न गाळण्यासाठी मी एक चाळणी लावली. ज्या प्रश्नाला 'हो', 'नाही' किंवा 'छान' असे उत्तर देऊन सुटता येते तो प्रश्न बाद. 'मांडणी सुसूत्र होती का?' याला सगळे 'हो' म्हणतात, कारण मित्राला नाही म्हणवत नाही. चौदांतून सहा उरले, आणि ते अर्ध्या कागदावर मावले. ते असे :

१. (भाषण चालू असताना) मुद्दे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने, प्रत्येकी तीन-चार शब्दांत लिहा.
२. वक्त्याचे मुख्य म्हणणे एका पूर्ण वाक्यात लिहा.
३. त्या म्हणण्याला दिलेला सर्वांत बळकट आधार कोणता? आधार न देता केलेले एखादे विधान कोणते?
४. तुमचा धागा कोठे सुटला? त्याआधी काय चालले होते?
५. न समजलेला शब्द किंवा ऐकू न आलेले वाक्य लिहा.
६. वक्त्याला विचारावासा वाटणारा एक प्रश्न लिहा.

यातला दुसरा व तिसरा प्रश्न आशयाचा, पहिला व चौथा मांडणीचा, पाचवा स्पष्टतेचा. सहावा प्रश्न श्रोत्याने खरोखर विचार केला की नाही ते सांगतो. आवाज, उच्चार, हावभाव यांना कागदाची मागची बाजू दिली, आणि तिथेही एक अट घातली : तुमच्या सूचनेमुळे पुढच्या बाजूचे कोणते उत्तर सुधारेल, ते लिहा.

पत्रकाइतकाच महत्त्वाचा आहे तो क्रम. तालमीआधी वक्त्याने आपले मुख्य म्हणणे एका चिठ्ठीवर लिहून, घडी घालून टेबलावर ठेवायचे. भाषणाच्या वेळी श्रोत्याने फक्त पहिला प्रश्न भरायचा. भाषण संपल्यावर टाळ्या नाहीत, बोलणे नाही. चार मिनिटे सर्वांनी मुकाट्याने उरलेले पाच प्रश्न लिहायचे. हे मौन फार आवश्यक आहे. एकजण मोठ्याने 'वा!' म्हणाला, की बाकीच्यांच्या पेन्सिली त्याच्या मागे जातात. मग एकेकाने आपले दुसरे उत्तर वाचायचे, आणि सर्वांत शेवटी वक्त्याची चिठ्ठी उघडायची. वक्त्याने स्वतःचा बचाव करायचा नाही. 'मी ते सांगितले होते' हे वाक्य तालमीत बंद, कारण सांगितले असेल तर पोचले का नाही, हाच तर शोध आहे.

आता प्रत्यक्ष एक तालीम सांगतो. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठच्या एका गावातून आलेली आमची एक वर्गभगिनी यंदा प्रथमच स्पर्धेला उभी राहिली. आवाज लहान, बोलण्याला अहिराणीचे वळण. ती 'पाणी' म्हणायला जाई आणि 'पानी' निघे. मंडळातल्या दोघांनी आधीच मला सांगून ठेवले होते, "हिला पुढच्या वर्षी पाठवू, आधी उच्चार सुधारू दे." तिने विषय घेतला होता आपल्या भागातली फड पद्धती.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पांझरेसारख्या नद्यांवर जागोजागी दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पाट निघतो आणि त्याच्या खालचे क्षेत्र काही मोठ्या तुकड्यांत, बहुधा चार, वाटलेले असते. एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात अनेकांची शेते असतात, पण त्या वर्षी त्या सबंध फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. ऊस असेल तर सगळ्यांचा ऊस, गहू असेल तर सगळ्यांचा गहू. पुढच्या वर्षी पिके फिरतात. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षे जुनी मानली जाते आणि ती गावकऱ्यांनीच चालवली.

पहिल्या तालमीला पाच श्रोते होते. भाषण संपले, चार मिनिटे गेली, उत्तरे वाचली. दुसऱ्या प्रश्नाला तिघांनी लिहिले होते, 'पाणी जपून वापरले पाहिजे.' एकाने लिहिले, 'आपले पूर्वज थोर होते.' पाचव्याने लिहिले, 'फड पद्धतीची माहिती.' मग तिची चिठ्ठी उघडली. तिच्यात होते : 'ज्यांच्या शेतात पाणी जाते त्यांनीच त्याची वाटणी ठरवली, म्हणून फड पद्धत टिकली.' पाचांपैकी एकालाही ते वाक्य मिळाले नव्हते. ती खाली बघत राहिली.

कारण सापडले ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत. पाचही जणांच्या टिपणांत पहिले तीन मुद्दे सारखेच होते : पाणी म्हणजे जीवन, आजची टंचाई, पूर्वजांची दृष्टी. सातपैकी साडेतीन मिनिटे यातच गेली होती. गावकऱ्यांनी वाटणी कशी ठरवली हा मुद्दा शेवटून दुसरा होता आणि दोघांच्या टिपणांत तो मुळीच नव्हता. पहिल्या अर्ध्या भागात जे ऐकले तेच श्रोत्यांनी मुख्य म्हणणे समजून घेतले होते. त्यांची चूक नव्हती. मांडणीचा दोष असा कागदावर दिसतो. 'सुरुवात लांबली' असे नुसते म्हटले असते, तर तिने दोन वाक्ये कमी केली असती. टिपणे पाहून तिने सबंध पहिला भाग काढला.

पाचव्या प्रश्नाने तर गंमत केली. पाचांपैकी तिघांनी 'हवालदार' हा शब्द लिहिला होता. फड पद्धतीत हवालदार म्हणजे पाण्याच्या व्यवस्थेवर देखरेख करणारा गावचा माणूस. त्याच्या हाताखाली पाणी देणारे पाटकरी आणि पिकांची राखण करणारे जागले असतात. जळगाव शहरात वाढलेल्या आमच्या मित्रांना वाटले, पाण्यावरून भांडणे होत म्हणून पोलीस बसवला होता! म्हणजे तिला जे सांगायचे होते त्याच्या अगदी उलट अर्थ पोचला. तिच्या गावात हा शब्द रोजचा, त्यामुळे तो अडेल असे तिला स्वप्नातही वाटले नव्हते.

आणि आता उच्चारांचे. मागच्या बाजूला चौघांनी लिहिले होते, 'न आणि ण कडे लक्ष दे.' मी अट वाचून दाखवली : या सूचनेने पुढचे कोणते उत्तर सुधारेल? चौघेही पत्रक उलटून पाहू लागले. पाचव्या प्रश्नाखाली 'पानी' हा शब्द एकानेही लिहिला नव्हता. सर्वांना पाणीच ऐकू आले होते, पाणीच समजले होते. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. ज्या दोघांनी तिला पुढच्या वर्षीची वाट दाखवली होती ते त्या चौघांतच होते, आणि खरे सांगायचे तर मनातून मीही त्यांच्याशी सहमत झालो होतो. तिच्या भाषणात अडले होते ते 'हवालदार' आणि साडेतीन मिनिटांची प्रस्तावना. न आणि ण मुळे काहीच अडले नव्हते.

याचा अर्थ आवाजाला किंमत नाही असा नाही. तिची काही वाक्ये शेवटाकडे विरत आणि मागे बसलेल्या एकाने पाचव्या प्रश्नाखाली तसे वाक्य लिहिलेही होते. तिथे आवाज वाढवणे गरजेचे होते, कारण वाक्य पोचले नव्हते. पत्रक आवाजाकडे दुर्लक्ष करीत नाही. आवाजाने कोठे काम बिघडवले ते दाखवा, एवढेच म्हणते.

तिसऱ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाखाली एकाने तिचे वाक्य उतरवले होते : 'या पद्धतीत पाण्यावरून कधीच भांडण झाले नाही.' आधार काय? तिच्याजवळ नव्हता. तिने ते वाक्य काढून त्या जागी कारण दिले. एका फडात एकच पीक असले, की सगळ्या शेतांना पाणी एकाच वेळी आणि सारखेच लागते. उसाशेजारी गहू असता तर एकाला भरपूर पाणी हवे असताना दुसऱ्याच्या पिकात ते झिरपले असते, आणि पाण्याच्या पाळ्या लावणेही अवघड झाले असते. पाणी कमी असलेल्या वर्षी कोणत्या फडात काय घ्यायचे आणि कोणता फड मोकळा ठेवायचा, हे पेरणीआधीच ठरे. भांडणाचे मूळच कसे कमी केले होते ते यातून दिसते, आणि 'कधीच नाही' असे म्हणावे लागत नाही.

दुसऱ्या तालमीला तेच पाच श्रोते बसले आणि पाचांनीही मुख्य वाक्य अचूक लिहिले. आम्ही खूश झालो; पण तो आनंद फसवा होता. त्यांनी गेल्या वेळी चिठ्ठी ऐकली होती, त्यांना उत्तर ठाऊक होते. तेव्हापासून नियम केला, की प्रत्येक तालमीला निदान दोन श्रोते अगदी नवे हवेत, आणि दुसऱ्या व पाचव्या प्रश्नाला त्यांचीच उत्तरे धरायची. तिसऱ्या तालमीला आम्ही वाणिज्य शाखेच्या दोघींना आणून बसवले. एकीने मुख्य वाक्य जवळजवळ तसेच लिहिले. दुसरीने लिहिले, 'गावाने एकत्र पीक घेतले म्हणून पाणी पुरले.' हे अर्धे बरोबर होते. ठरवणारे कोण, हा भाग सुटला होता. तिने शेवटी एक वाक्य वाढवले आणि 'हवालदार' शब्द आला तिथे लगेच, 'म्हणजे गावानेच नेमलेला पाण्याचा मुकादम,' अशी जोड दिली.

या पत्रकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. श्रोता आधार दिला की नाही एवढेच सांगू शकतो. दिलेला आधार खरा आहे की खोटा, हे त्याला ठाऊक नसते. चुकीचे साल ठणकावून सांगितले तर तिसऱ्या प्रश्नाखाली तेच बळकट आधार म्हणून उतरते. ते तपासायला ग्रंथालयातच जावे लागते. दुसरे, काव्यवाचनाला किंवा नाट्यप्रवेशाला हे प्रश्न लावू नयेत. तिथे एका वाक्यात सांगता न येणे हाच कधी गुण असतो. आणि श्रोते थकले की उत्तरे ओळीवरून शब्दावर येतात. एका दुपारी तीनपेक्षा जास्त भाषणे ऐकवली, तर चौथ्याच्या पत्रकावर विश्वास ठेवू नये.

स्पर्धा धुळ्यालाच होती. तिला बक्षीस मिळाले नाही. पण भाषण संपल्यावर एका परीक्षकांनी तिला विचारले, "पाटाच्या शेवटी ज्याचे शेत आहे त्याला पाणी कमी पडले, तर तो कोणाकडे जाई?" तिने हवालदाराचे नाव घेतले, सभागृहात कोणी हसले नाही, आणि उत्तर समजल्याची मान परीक्षकांनी हलवली. मला माझ्या वेळचा प्रश्न आठवला. मला विचारले होते, तुम्हाला काय सांगायचे होते. आणि तिला विचारले गेले, त्याच्या पुढे काय.

परतीच्या वाटेवर एस. टी. पुन्हा पारोळ्याला थांबली. चहा घेताना ती म्हणाली, "पुढच्या तालमीला शिपाईकाकांना पत्रक द्यायचे का?" मी म्हटले, त्यांचा दुसरा प्रश्न तर गेल्या वर्षीच भरून झाला आहे. तरीपण पुढच्या वेळी दाराशी उभे न ठेवता त्यांना खुर्ची द्यायची, असे आम्ही ठरवले आहे.